परसातील दुहेरी उपयोगाच्या कोंबड्या

घराभोवतीच्या मोकळ्या जागेत दिवसभर चरून बहुतांश पोट भरणाऱ्या आणि रात्री खुराड्यात परतणाऱ्या कोंबड्यांच्या लहान कळपाच्या पालनास परसातील कुक्कुटपालन म्हणतात. अशा कळपासाठी अंडी आणि मांस या दोन्ही दृष्टींनी उपयुक्त, काटक जाती निवडल्या जातात. पिंजऱ्यात अधिक अंडी देणारी पांढरी लेगहॉर्न येथे सहसा टिकत नाही. तिचा पांढरा रंग घारीच्या नजरेत लगेच भरतो, आणि तिची अंडी देण्याची क्षमता समतोल खाद्यावाचून प्रकट होत नाही.

जातींची निवड

महाराष्ट्रातील गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देते. ती चपळ असते, झाडावर उडून बसते आणि खुडूक होऊन पिल्ले काढते. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेली 'वनराजा' ही रंगीत पिसांची, अंगाने भारी कोंबडी परसात वर्षाला सुमारे १०० ते ११० अंडी देते आणि तिचे नर मांसासाठी लवकर वाढतात. त्याच संस्थेची 'ग्रामप्रिया' अंड्यांकडे अधिक झुकलेली आहे. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची 'गिरिराजा' हीदेखील वनराजाप्रमाणे भारी अंगाची आहे.

सुधारित जातींच्या अंड्यांचा आकडा पाहून गावठी कोंबडी पूर्णपणे काढून टाकणे मात्र शहाणपणाचे नाही. वनराजा ही संकरित असून क्वचितच खुडूक होते. तिची अंडी गावठी कोंबडीखाली ठेवल्यास २१ दिवसांत पिल्ले निघतात खरी, परंतु पुढच्या पिढीत आईबापांचे गुण विखुरतात आणि उत्पादन एकसारखे राहत नाही. म्हणून सुधारित पिल्ले दर खेपेस उबवणी केंद्रातून आणावी लागतात. ज्या गावाला असे केंद्र दूर आहे, तेथे दोन-तीन गावठी माद्या राखून ठेवणे हाच कळप चालू ठेवण्याचा खात्रीचा मार्ग होय. विकत आणलेल्या पिल्लांना पहिले सहा आठवडे ऊब, पिल्लांचे खाद्य आणि राणीखेत अर्थात मानमोडी रोगाची लस द्यावी लागते. त्याआधी त्यांना परसात सोडल्यास मरतूक फार होते.

पूरक खाद्य

पूर्ण वाढलेल्या कोंबडीस दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य लागते. परसातील किडे, गांडुळे, कोवळे गवत, सांडलेले धान्य आणि खरकटे यांचा एकूण साठा मर्यादित असतो. कोंबड्या वाढवल्याने तो वाढत नाही. समजा, एका परसात रोज ७०० ग्रॅम खाण्याजोगे मिळते. दहा कोंबड्यांची गरज १,१०० ग्रॅम असल्याने उरलेले ४०० ग्रॅम, म्हणजे प्रत्येकी ४० ग्रॅम, बाहेरून द्यावे लागतात. महिन्याला १२ किलो. त्याच परसात वीस कोंबड्या ठेवल्या तर तूट १,५०० ग्रॅम होते, म्हणजे प्रत्येकी ७५ ग्रॅम. खर्च जवळजवळ चौपट होतो आणि परसाचा लाभ नाममात्र उरतो.

ही तूट ऋतूनुसार बदलते. भातकापणीनंतर शेतात सांडलेल्या दाण्यांवर कळप धष्टपुष्ट राहतो, तर उन्हाळ्यात जमीन कोरडी पडून किडे आणि हिरवळ दोन्ही आटतात. अंदाज घेण्याची सोपी रीत अशी, की संध्याकाळी कोंबडीच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपावी. ती भरलेली असेल तर मूठभर कणी पुरते. रिकामी, लोंबती असेल तर ज्वारी, बाजरी किंवा तांदळाची कणी वाढवावी. छातीचे हाड धारदार लागणे हे दीर्घकाळच्या उपासमारीचे लक्षण आहे. उलट, वनराजाला सढळ हाताने दाणे घातल्यास अंगावर चरबी चढून अंडी कमी होतात. मऊ किंवा पातळ कवचाची अंडी येऊ लागली, तर कुटलेले शिंपले वा चुनखडी वेगळ्या भांड्यात ठेवावी.

रात्रीचा निवारा

पूरक दाणे संध्याकाळी खुराड्यातच घातल्यास कोंबड्या आपोआप परततात आणि मोजून घेता येतात. भारी कोंबड्यांना झाडावर चढणे जमत नसल्याने खुराडे अपरिहार्य ठरते. दर कोंबडीस एक ते दीड चौरस फूट जागा पुरते. खुराडे जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असल्यास ओल लागत नाही आणि विष्ठा खाली पडते. जाळीची भोके मात्र बारीक हवीत, कारण मुंगसाला अगदी लहान फट पुरते. मोठ्या भोकांची कोंबड्यांची जाळी माणसाला भक्कम वाटते, पण शिकारी प्राणी तिच्यातून पंजा घालून आत झोपलेल्या कोंबडीस ओढतात. सकाळी खुराड्यात जाळीलगत पिसे आणि रक्त दिसले, तर दार नव्हे, आधी जाळी तपासावी. भारी जातींसाठी बसण्याची दांडी फूट-दीड फुटापेक्षा उंच ठेवू नये, कारण उडी मारताना त्यांच्या पायांना इजा होते.