भारित न्याय्य रांग

भारित न्याय्य रांग किंवा वेटेड फेअर क्यूइंग ही संगणकशास्त्रातील एक वाटप पद्धत आहे. एकाच सर्व्हरवर किंवा संदेशवहन मार्गावर अनेक ग्राहकांची कामे येत असतील, तर पुढचे काम कोणाचे घ्यायचे हे ती ठरवते. या पद्धतीत प्रत्येक ग्राहकाची रांग स्वतंत्र असते आणि प्रत्येकाला एक भार नेमून दिलेला असतो. ज्या ग्राहकांची कामे थांबलेली आहेत त्यांच्यामध्ये सेवेचा वेळ या भारांच्या प्रमाणात विभागला जातो. त्यामुळे एका मोठ्या ग्राहकाने एकदम हजारो कामे पाठवली, तरी इतरांची प्रतीक्षा त्या हजारोंच्या संख्येवर अवलंबून राहत नाही.

## पार्श्वभूमी

'आधी येईल त्याला आधी सेवा' हा नियम वरवर निःपक्षपाती दिसतो. प्रत्यक्षात मात्र त्यात सेवेचा वाटा पाठवलेल्या कामांच्या संख्येवर ठरतो आणि जो अधिक पाठवतो त्याला अधिक मिळते. जॉन नेगल यांनी १९८५ मध्ये आरएफसी ९७० या टिपणात संगणक जाळ्यांच्या संदर्भात हा दोष दाखवून दिला. प्रत्येक पाठवणाऱ्यासाठी वेगळी रांग ठेवावी आणि आळीपाळीने प्रत्येकीतून एकेक पॅकेट घ्यावे, असा उपाय त्यांनी सुचवला. या उपायात पॅकेटे मोजली जात होती, त्यांची लांबी नव्हे; त्यामुळे लांब पॅकेटे पाठवणाऱ्याचा फायदा कायम राहिला. अ‍ॅलन डेमर्स, श्रीनिवासन केशव आणि स्कॉट शेंकर यांनी १९८९ मध्ये ही उणीव दूर केली. जणू प्रत्येक रांगेतून एकेक बिट आळीपाळीने जात आहे असे मानावे, त्या कल्पनेत कोणते पॅकेट आधी संपले असते ते काढावे आणि त्याच क्रमाने पूर्ण पॅकेटे पाठवावीत, अशी त्यांची मांडणी होती. पुढे अभय पारेख आणि रॉबर्ट गॅलेजर यांनी गणिताने सिद्ध केले की, या पद्धतीत कोणतेही पॅकेट आदर्श वाटपाच्या तुलनेत फार तर एका सर्वांत मोठ्या पॅकेटच्या वेळेइतकेच उशिरा संपते.

## कार्यपद्धती

प्रत्येक काम रांगेत येताच त्याला एक समाप्तिखूण दिली जाते. ती पुढील सूत्राने काढतात:

```
F = max(V, F_prev) + cost / weight
```

येथे `F_prev` ही त्याच ग्राहकाच्या आधीच्या कामाची खूण, `cost` म्हणजे कामाला लागणारा वेळ आणि `weight` म्हणजे ग्राहकाचा भार होय. `V` हा आभासी काळ आहे. तो घड्याळाप्रमाणे चालत नाही, तर सेवा जसजशी दिली जाते तसतसा पुढे सरकतो. मूळ पद्धतीत तो काढणे किचकट असते. म्हणून गोलेस्तानी यांनी १९९४ मध्ये मांडलेली सोपी रीत अनेकदा वापरतात: सध्या चालू असलेल्या कामाची समाप्तिखूण हाच आभासी काळ मानायचा. सर्व्हर मोकळा झाला की सर्वांत लहान खूण असलेले काम उचलले जाते.

## उदाहरण

देयकांच्या प्रती तयार करणाऱ्या एका सेवेत एकच वर्कर आहे आणि प्रत्येक प्रतीस एक सेकंद लागतो, असे समजू. ग्राहक 'अ'चा भार २ आणि ग्राहक 'ब'चा भार १ आहे. महिनाअखेरीस 'अ' एकदम १०,००० कामे पाठवतो. त्यांच्या खुणा ०.५, १, १.५ अशा वाढत ५,००० पर्यंत जातात. 'अ'चे शंभरावे काम चालू असताना, म्हणजे आभासी काळ ५० असताना, 'ब' पाच कामे पाठवतो.

साध्या रांगेत 'ब'च्या पहिल्या कामापुढे ९,९०० कामे उभी असतात आणि त्याची पाळी पावणेतीन तासांनी येते. भारित रांगेत 'ब'च्या कामांना ५१ ते ५५ या खुणा मिळतात. 'अ'च्या पुढच्या दोन कामांच्या खुणा ५०.५ आणि ५१ आहेत. खुणा समान असल्यास आधी आलेले काम आधी घ्यायचे ठरवले, तर ती दोन कामे झाल्यावर 'ब'चे पहिले काम सुरू होते. प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन सेकंद झाली. यापुढे 'अ'ची दोन आणि 'ब'चे एक असा क्रम चालतो आणि शंभरावे काम संपल्यानंतर पंधरा सेकंदांत 'ब'ची पाचही कामे पूर्ण होतात. 'अ'चे शेवटचे काम यामुळे केवळ पाच सेकंदांनी लांबते. 'ब'ची रांग रिकामी झाली की त्याचा वाटा राखून न ठेवता पूर्ण वेळ पुन्हा 'अ'ला मिळतो.

सूत्रातील `max` वगळणे ही प्रत्यक्ष कार्यक्रमांत आढळणारी चूक आहे. तसे केल्यास आजवर एकही काम न पाठवलेल्या 'ब'च्या खुणा ५१ ऐवजी १ पासून सुरू होतील. त्याने पाचऐवजी साठ कामे पाठवली, तर त्यांपैकी पहिली पन्नास 'अ'ला पूर्णपणे थांबवून पुढे जातील. निष्क्रिय काळातील न वापरलेला वाटा साठवून ठेवता येऊ नये, हे `V` मुळे साधते.

## कामाचा खर्च

पॅकेटची लांबी ते पाठवण्यापूर्वीच कळते. एखाद्या कामास किती वेळ लागेल हे मात्र बहुधा ते संपल्यावरच कळते. म्हणून कित्येक ठिकाणी प्रत्येक काम एक एकक मानले जाते आणि नेगल यांच्या उपायातील जुनी उणीव परत येते. समान भाराच्या दोन ग्राहकांपैकी एकाची कामे साठ सेकंदांची आणि दुसऱ्याची एक सेकंदाची असतील, तर पहिल्याला ६१ पैकी ६० सेकंद, म्हणजे सुमारे ९८ टक्के वेळ मिळतो. यावर उपाय म्हणून आधी अंदाजे खर्च धरतात आणि काम संपल्यावर प्रत्यक्ष वेळ व अंदाज यांतील फरक, भाराने भागून, त्या ग्राहकाच्या पुढील खुणांत मिळवतात.

## मर्यादा

ही पद्धत फक्त थांबलेल्या कामांचा क्रम ठरवते. सुरू झालेले काम ती थांबवत नाही. 'ब' येण्यापूर्वी आठही वर्करनी 'अ'ची दहा-दहा मिनिटांची कामे एकाच वेळी घेतली असतील, तर 'ब'ला दहा मिनिटांपर्यंत थांबावे लागते. ते टाळण्यासाठी एका ग्राहकाने एका वेळी किती वर्कर अडवावेत यावर मर्यादा घालतात. त्याची किंमत अशी की, इतर कोणी नसताना काही वर्कर रिकामे राहतात.

वर्कर आगाऊ कामे उचलून ठेवत असल्यास असाच दोष, पण कमी दिसणाऱ्या रूपात येतो. आठ वर्करनी प्रत्येकी पन्नास कामे घेऊन ठेवली, तर ४०० कामांचा क्रम आधीच गोठलेला असतो. न्याय्य निवड वर्करच्या हाती काम जाण्याच्या शेवटच्या टप्प्यावर झाली, तरच तिचा परिणाम दिसतो.

ग्राहक कोणाला म्हणायचे, हाही प्रश्न उरतो. प्रत्येक वापरकर्त्याला वेगळी रांग दिल्यास शंभर वापरकर्ते असलेली संस्था शंभर वाटे घेते. त्यामुळे रांग सामान्यतः करार किंवा खाते या पातळीवर बांधतात.

हे बिघाड सर्व कामांच्या सरासरी प्रतीक्षेत दिसत नाहीत, कारण त्या सरासरीत बहुसंख्य कामे मोठ्या ग्राहकाचीच असतात. ते ओळखण्यासाठी प्रत्येक ग्राहकाचे सर्वांत जुने थांबलेले काम किती वेळ थांबले आहे, याची नोंद स्वतंत्रपणे ठेवावी लागते. एका ग्राहकाची रांग वाढताच दुसऱ्याचा हा आकडाही सोबत वाढत असेल, तर वाटप होत नसून कुठेतरी एक सामाईक साधी रांग शिल्लक असल्याचा संशय घ्यावा लागतो.