कोकण बोट : रात्री आपलं बंदर कसं ओळखायचं?

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटलेली बोट दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला लागायची. 'रोहिणी', 'चंद्रावती', 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावं जुन्या प्रवाशांना अजून पाठ आहेत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. सावंतवाडीकडचे लोक वेंगुर्ल्याला उतरत आणि बेळगावकडचे तिथून पुढे आंबोली घाटाची वाट धरत.

जागा धरणे

धक्क्याला लागलेल्या बोटीत फळीवरून शिरायचं. डेकच्या तिकिटाला ठरलेली जागा नसे. ज्याची सतरंजी आधी पसरली, त्याची जागा. म्हणून एकजण सामानाजवळ थांबे आणि दुसरा वळकटी घेऊन पुढे पळे. जाणकार माणूस बोटीचा मधला भाग गाठायचा. लाटांवर बोटीची टोकं जास्त वरखाली होतात, मध्यावर हेलकावा कमी बसतो, त्यामुळे बोट लागण्याचा त्रासही कमी. मात्र इंजिनाच्या अगदी वर उकाडा असे.

कुठे उतरायचं?

रत्नागिरीनंतर जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असा क्रम. यातली बरीच बंदरं रात्रीच येत. झोप लागली आणि बंदर चुकलं, तर पुढच्या बंदरात उतरून मागे यावं लागे. वेंगुर्लेकर चुकला तर थेट पणजी.

मालवणला उतरणाऱ्याची खूण देवगड होती. तिथून मालवण समुद्रमार्गे साधारण ३५ किलोमीटर, म्हणजे दीड-दोन तास. देवगड सुटलं की वळकटी बांधायची, पोरांना उठवायचं आणि डाव्या अंगाला जाऊन उभं राहायचं. दक्षिणेकडे जाताना किनारा डावीकडे असतो. मुंबईला परतताना उजवीकडे. नुसत्या दिव्यांवर भरवसा ठेवून चालत नसे, कारण किनाऱ्यावरच्या दुसऱ्या गावांचे दिवेही तसेच दिसत. भोंगा झाला, वेग मंदावला, तरी खलाशाला बंदराचं नाव विचारूनच शिडीकडे जायचं.

पडावात उतरताना

मालवणच्या बंदराबाहेर खडक फार, म्हणून बोट दूर नांगर टाकी आणि किनाऱ्यावरून पडाव येत. खरी कसोटी इथेच. लाटेवर पडाव वर येतो, क्षणभर शिडीच्या पातळीला थांबल्यासारखा वाटतो आणि पुन्हा खाली जातो. तो वर आला की खलाशाचा हात धरून पाऊल टाकायचं. खाली जात असताना टाकलं, तर माणूस आपटतो. कचरला, तर पाय बोट आणि पडाव यांच्यात सापडण्याची भीती. त्यामुळे सामान आधी खाली द्यायचं, मूल खलाशाकडे सोपवायचं आणि दोन्ही हात मोकळे ठेवायचे.

ओहोटी असली, तर पडावही कोरड्यापर्यंत पोचत नसे. मग गुडघाभर पाण्यातून चालायचं, नाहीतर खलाशाच्या खांद्यावर बसून किनारा गाठायचा.