गडचिरोलीचे ६२, कार्यक्रमांचे १२: एका आकड्याचा प्रवास

आजची गोष्ट सुरू होते शिर्डीच्या आसपासच्या खेड्यात. राहाता तालुक्यातल्या एखाद्या घरी बाळ दवाखान्यातून घरी आलं, की काही दिवसांनी आशाताई दारात उभ्या राहतात. बाळाचं वजन करतात, ताप बघतात, आई दूध नीट पाजतेय ना ते विचारतात. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा भेटी. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीची एक भेट जास्त.

या भेटींची पद्धत देशभर २०११ पासून आली. पण तिची मुळं आपल्याच राज्यात, गडचिरोलीत आहेत. आणि या भेटींनी किती बाळं वाचतात, याचं उत्तर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत दोनदा बदललं. आधी ६२ टक्के, मग ३८ टक्के, मग १२ टक्के. म्हणजे कुणी खोटं बोललं का? नाही. मग झालं काय, तेच आज बघायचंय.

पहिला आकडा

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९३ पासून गडचिरोलीत मोजणी सुरू केली. ३९ गावांत नवजात बाळांची काळजी घरी जाऊन घ्यायची, आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवायची. गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. त्या नुसता सल्ला देत नव्हत्या. बाळाला जंतुसंसर्ग झालाय हे ओळखून घरीच अँटिबायोटिकचं इंजेक्शनही देत होत्या.

१९९९ साली निकाल 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. काळजी घेतलेल्या गावांत दर हजार जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू होत होते, ते २५.५ वर आले. तुलनेच्या गावांत आकडा साठच्या आसपासच राहिला. तुलना धरून घट निघाली सुमारे ६२ टक्के.

निकाल जबरदस्त होता, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. कुठल्या गावांत काळजी द्यायची, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. आणि हा एकाच जिल्ह्यातला, एकाच जिद्दी टीमचा प्रयोग होता. दुसरीकडे असंच होईल का?

दुसरा आकडा: सगळे अभ्यास एकत्र

इथे सिस्टिमॅटिक रिव्ह्यू येतो. आधी प्रश्न ठरवायचा, मग कुठले अभ्यास घ्यायचे याचे नियम लिहून ठेवायचे, मग सगळीकडे शोधायचं. जे नियमात बसतात ते सगळे घ्यायचे, आवडते असोत वा नावडते. त्यांचे आकडे गणितानं एकत्र केले, की झालं मेटा-ॲनालिसिस.

२०१० मध्ये गोगिया आणि सचदेव यांनी घरभेटींवर असा रिव्ह्यू केला. पाच अभ्यास नियमात बसले, पाचही दक्षिण आशियातले. एकत्रित गुणोत्तर आलं ०.६२. म्हणजे एरवी जिथे १०० बाळं गेली असती, तिथे ६२ गेली. घट ३८ टक्के. (गडचिरोलीच्या ६२ टक्के घटीशी याची गल्लत करू नका, हा निव्वळ योगायोग आहे.)

फॉरेस्ट प्लॉट कसा वाचायचा

आता फोन खिशात ठेवा आणि एक चित्र डोळ्यांसमोर आणा. मधोमध एक उभी रेघ. ती १ ची रेघ, म्हणजे 'काहीच फरक नाही'. रेघेच्या डावीकडे फायदा, उजवीकडे तोटा. प्रत्येक अभ्यासाची एक ओळ. ओळीत एक चौकोन, तो त्या अभ्यासाचं उत्तर. चौकोनाच्या दोन्ही बाजूंना आडव्या मिशा, म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हल: खरं उत्तर साधारण या टप्प्यात असावं. मिशा उभ्या रेघेला ओलांडत असतील, तर या एका अभ्यासावरून फायदा झालाच असं ठामपणे सांगता येत नाही.

घरभेटींचे सहा अभ्यास घेऊया. हे सगळे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले आहेत, म्हणून यात गडचिरोली नाही.

- शिवगड, उत्तर प्रदेश, २००८: ०.४६ (०.३५ ते ०.६०)
- सिल्हेट, बांगलादेश, २००८: ०.६६ (०.४७ ते ०.९३)
- मिर्झापूर, बांगलादेश, २०१०: ०.८७ (०.६८ ते १.१२)
- हाला, पाकिस्तान, २०११: ०.८५ (०.७६ ते ०.९६)
- फरीदाबाद, हरियाणा, २०१२: ०.९१ (०.८० ते १.०३)
- घाना, २०१३: ०.९२ (०.७५ ते १.१२)

तीन ओळींच्या मिशा १ ओलांडतात: मिर्झापूर, फरीदाबाद, घाना. बरेच जण इथे म्हणतात, 'तीन पास, तीन नापास.' ही चूक करू नका. फॉरेस्ट प्लॉटमध्ये मतमोजणी नसते. सहाही चौकोन डावीकडेच आहेत, ते बघा.

चौकोनाचा आकार म्हणजे त्या अभ्यासाचं वजन. मिशा जितक्या आखूड, तितकं वजन जास्त. मी हे सहा आकडे घेऊन साधं गणित केलं. एकट्या हालाचं वजन सुमारे ३७ टक्के आलं, शिवगडचं जेमतेम ७. सगळ्यात खाली एक चौकट विटेसारखा हिरा असतो, तो एकत्रित निकाल. आपल्या हिऱ्याचं मधलं टोक ०.८३ वर आलं, म्हणजे १७ टक्के घट. लक्षात घ्या, हा शिकण्यापुरता हिशेब आहे. अभ्यास मी निवडलेत, आणि सगळीकडे गुणोत्तर काढायची पद्धतही अगदी एकसारखी नाही.

सहा तोंडं, सहा उत्तरं?

आता हिरा विसरा आणि ओळी एकमेकींशी जुळतात का ते बघा. शिवगडच्या मिशा ०.६० ला संपतात. हालाच्या ०.७६ ला सुरू होतात. दोघी एकमेकींना शिवतसुद्धा नाहीत. निव्वळ योगायोगानं इतकं अंतर पडणं अवघड आहे. यालाच हेटरोजिनिटी म्हणतात, म्हणजे अभ्यासांच्या उत्तरांमधली खरीखुरी तफावत. ती मोजायचा आकडा आहे I². अभ्यासांमध्ये जो फरक दिसतो, त्यातला किती टक्के योगायोगाच्या पलीकडचा आहे, हे तो सांगतो. आपल्या सहा ओळींचा I² येतो सुमारे ७९ टक्के. म्हणजे बरीच तफावत.

आता शिवगडची ओळ बोटानं झाका. उरलेल्या पाचांचा I² येतो शून्य, आणि हिरा सरकतो ०.८७ वर. घट १३ टक्के. ७ टक्के वजनाच्या एका ओळीनं सगळी तफावत आणली होती!

पण थांबा. निकाल बघून नकोशी ओळ काढून टाकायची, ही मेटा-ॲनालिसिसमधली सगळ्यात वाईट सवय. ओळ वेगळी काढायला निकालाबाहेरचं कारण लागतं. इथे ते आहे. शिवगड हा 'अशी काळजी दिली तर जीव वाचतात का' हे तपासणारा प्रयोग होता. त्यासाठी खास माणसं नेमली, शिकवली, बाळाला उबदार ठेवण्यावर घरोघरी मेहनत घेतली. हालामध्ये मात्र सरकारी लेडी हेल्थ वर्कर होत्या, फरीदाबादमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रांची नेहमीची यंत्रणा, घानामध्ये गावातले स्वयंसेवक. ते भेट देत, सल्ला देत, आजारी बाळाला दवाखान्यात पाठवत. इंजेक्शन नाही. म्हणजे नाव एकच, 'घरभेट', पण पोटातलं काम वेगळं.

घानाच्या टीमनं २०१३ मध्ये हेच केलं. नेहमीच्या कार्यक्रमांत झालेले अभ्यास वेगळे काढून एकत्र केले. घट निघाली १२ टक्के, मिशा ५ ते १८. हा आपला तिसरा आकडा.

जे दिसत नाही ते

एक शंका उरते. जिथे फायदा झाला नाही, ते अभ्यास छापलेच गेले नसतील तर? शिर्डीचंच उदाहरण घ्या. नवस फेडायला कोण येतं? ज्यांचं काम झालं ते. ज्यांचं झालं नाही, ते त्या रांगेत नसतात. मी श्रद्धेबद्दल बोलत नाहीये, मोजणीबद्दल बोलतोय. फक्त त्या रांगेत उभं राहून हिशेब केला, तर उत्तर चुकणारच. संशोधनात यालाच पब्लिकेशन बायस म्हणतात.

ते पकडायला फनेल प्लॉट वापरतात. प्रत्येक अभ्यास एक ठिपका. मोठे, नेमके अभ्यास वर, छोटे खाली. छोट्या अभ्यासांची उत्तरं दोन्ही बाजूंना विखुरतात, म्हणून चित्र उलट्या नरसाळ्यासारखं दिसायला हवं. खालचा एक कोपरा रिकामा असेल, तर तिथले अभ्यास गेले कुठे, हा प्रश्न विचारायचा.

गाजलेलं उदाहरण आहे हार्ट अटॅकनंतर मॅग्नेशियम देण्याचं. १९९१ मध्ये सात छोटे अभ्यास, मिळून १,३०१ रुग्ण, एकत्र केले. मृत्यूची शक्यता निम्म्याहून जास्त घटलेली दिसली. मग १९९५ मध्ये ५८,०५० रुग्णांचा एकच अभ्यास आला, आयसिस-४. फायदा दिसला नाही. छोट्या अभ्यासांचा फनेल एका बाजूला झुकलेला होता.

पण झुकलेला फनेल म्हणजे लपवाछपवीच, असं नाही. छोट्या प्रयोगात काळजीच जास्त चांगली दिली जाऊ शकते. आपला शिवगड आठवा: आयसिस-४ च्या तुलनेत सोडा, हालापेक्षाही त्याच्या मिशा लांब, आणि फायदा सगळ्यात मोठा. फनेलमध्ये तो डावीकडे एकटा दिसेल. त्याचं कारण आपल्याला ठाऊक आहे. शिवाय दहापेक्षा कमी अभ्यास असतील, तर फनेलवरून निष्कर्ष काढूच नये असा संकेत आहे. सहा ठिपक्यांत नरसाळं कुणालाही हवं तसं दिसतं.

आणखी एक सापळा. अभ्यासांत तफावत दिसली की बहुतेक जण रँडम इफेक्ट्स नावाची पद्धत वापरतात. तिच्यात छोट्या अभ्यासांचं वजन वाढतं. आपल्या सहा ओळींवर ती लावली, तर शिवगडचं वजन ७ वरून १४ टक्के होतं आणि घट १७ वरून २२ टक्के. आकडे तेच, उत्तर वेगळं. म्हणून हिऱ्याखाली कुठली पद्धत लिहिलीय, ते वाचायचं.

मग आशाताईंचं काय?

तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत, कारण तिघांना विचारलेला प्रश्न वेगळा होता. ६२ टक्के हे 'इंजेक्शन देऊ शकणारी, नियमित देखरेख असलेली आरोग्यदूत काय करू शकते' याचं उत्तर आहे. १२ टक्के हे 'नेहमीच्या यंत्रणेत नुसत्या भेटीनं काय होतं' याचं. जिथे हजारात ३० बाळं जातात, तिथे १२ टक्के म्हणजे हजारामागे तीन-चार जीव. ६२ टक्के म्हणजे अठरा-एकोणीस.

मधलं अंतर आशाताईंच्या कष्टांनी एकट्यानं भरणारं नाही. त्यांच्या पिशवीत काय आहे, आजारी बाळाला तासाभरात उपचार मिळतात का, आणि त्यांच्या मागे कोण उभं आहे, यावर ते ठरतं. एका हिऱ्यात हे दिसत नाही. त्यासाठी वरच्या ओळी एकेक करून वाचाव्या लागतात.

भेटूया पुढच्या भागात.