दोन वर्षांचा चेहरा, चौदाव्या वर्षी

२०११ साली चेन्नईतून दोन वर्षांची एक मुलगी बेपत्ता झाली. बारा-तेरा वर्षांनी तिचे नवे चित्र प्रसिद्ध झाले. लहानपणच्या फोटोवरून संगणकाने रंगवलेली ती चौदा वर्षांची मुलगी प्रत्यक्षात कुणीच पाहिलेली नव्हती. असे चित्र काढतात तरी कसे?

या कलेची सुरुवात अमेरिकेत झाली. नॅन्सी बर्सन या कलावतीला १९८१ मध्ये, एका सहकाऱ्यासह, चेहऱ्याचे वय बदलणाऱ्या संगणकीय पद्धतीचे पेटंट मिळाले. त्याच दशकात स्कॉट बॅरोज आणि लुईस सॅडलर या शिकागोच्या वैद्यकीय चित्रकारांनी मुलांच्या कवटीच्या वाढीचा अभ्यास या कामाला जोडला.

त्या अभ्यासाचे सार असे, की चेहरा सगळीकडून सारखा वाढत नाही. जन्मतः मेंदूची कवटी चेहऱ्याच्या सुमारे आठपट असते, मोठेपणी जेमतेम दोन-अडीचपट. कपाळ आणि डोळ्यांच्या खोबणी लवकर पूर्णत्वाला येतात. नाक, जबडा आणि हनुवटी मात्र पुढे कित्येक वर्षे खाली आणि पुढे सरकत राहतात. म्हणून बाळाचा फोटो नुसता मोठा केला, तर मोठ्या आकाराचे बाळच दिसते.

चित्रकार आधी आईवडिलांचे किंवा भावंडांचे चौदाव्या वर्षाच्या आसपासचे फोटो मागतो. डोळ्यांमधले अंतर जुळेल अशा बेताने बाळाचा फोटो त्यांच्याशेजारी ठेवतो. मग चेहऱ्याचा खालचा भाग लांबवतो, नाकाचा दांडा उभा करतो, दुधाच्या दातांच्या जागी पक्के दात बसवतो. हे सगळे घरच्यांकडून उसने घेतलेले असते. डोळ्यांची ठेवण, भुवयांचा कल, कानाची पाळी, एखादा व्रण मात्र मुलीचेच राहू देतो.

दोन वर्षांच्या बाळाचे नाक आणि जबडा अजून घडायचेच असतात, त्यामुळे उसनवारी वाढते. आईवडिलांचे त्या वयातले फोटोच नसतील, तर अंदाज आणखी सैल होतो. केस, वजन, चष्मा यांचा तर अंदाजही करता येत नाही. अशा वेळी चित्र फार रेखीव झाले, तर धोका असतो: पाहणारा केसांतच अडकतो आणि ‘ही ती नव्हे’ म्हणून पुढे जातो.

चित्रही जुने होते. अमेरिकेतील बेपत्ता मुलांसाठीचे राष्ट्रीय केंद्र अठरा वर्षांपर्यंत साधारण दर दोन वर्षांनी ते नव्याने काढते. त्या हिशेबाने चेन्नईच्या मुलीचे चौदाव्या वर्षाचे चित्रही सोळाव्या वर्षी पुन्हा काढावे लागेल.

चित्राने ओळख सिद्ध होत नाही. ते काम डीएनए चाचणीचे. चित्राचे काम त्याआधीचे. शेजारची एखादी बाई, शाळेतली एखादी शिक्षिका क्षणभर थबकून म्हणाली, ‘हे डोळे मी कुठेतरी पाहिलेत,’ आणि तिने पोलिसांना फोन केला, म्हणजे ते झाले.