आय-स्क्वेअर-एस जोडणी
अंकीय ध्वनी एका संकलित मंडलातून (आयसीतून) दुसऱ्यात नेणारी तीन तारांची जोडणी. फिलिप्स कंपनीने ती १९८६ मध्ये प्रसृत केली. तत्पूर्वी १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली होती. तीवर डाव्या व उजव्या वाहिनीचे सेकंदाला प्रत्येकी ४४,१०० नमुने असून प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो.

पहिल्या तारेवरून नमुन्यांचे बिट एकामागून एक जातात. दुसरीवरील बिट-स्पंद प्रत्येक बिट वाचण्याचा क्षण दाखवितो. तिसरीवरील शब्द-निवड संकेत ० असता डावी व १ असता उजवी वाहिनी समजतात. १६ बिटच पाठविल्यास ४४,१०० × १६ × २ म्हणजे सेकंदाला १४,११,२०० स्पंद लागतात. नमुना-दर संदेशात लिहिलेला नसतो. शब्द-निवडीची कंप्रता हाच तो दर होय. त्यामुळे ४८,००० दराचे ध्वनिमुद्रण ४४,१०० ने पाठविल्यास ते संथ व खालच्या स्वरात ऐकू येते.

सर्वाधिक मूल्याचा बिट प्रथम येतो. म्हणून २४ बिटांचा शब्द १६ बिटांच्या रूपांतरकाला मिळाला, तरी केवळ अखेरचे सूक्ष्म बिट गळतात. शब्द-निवड मात्र या पहिल्या बिटाच्या एक स्पंद आधी बदलते. तेवढ्यात ग्राहक मंडल मागील शब्द साठवून पुढच्यासाठी सज्ज होते. हा विलंब न मानणाऱ्या रूपांतरकात, १६ बिटांच्या सलग प्रवाहात, मागील शब्दाचा अखेरचा बिट पुढील शब्दाचे चिन्ह म्हणून वाचला जातो. तो बिट जवळजवळ यदृच्छ असल्याने संगीतावर मोठा खरखराट चढतो. तारा मात्र सर्व बरोबर जोडलेल्या असतात.