सर्वाधिक नफ्याचा नवा माल का परवडत नाही? वसमतच्या हळदीचे उदाहरण

हिंगोली जिल्ह्यातले वसमत हळदीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. समजा, तिथे हळद दळण्याचा एक छोटा कारखाना आहे. (आकडे हिशोबाच्या सोयीसाठी घेतले आहेत.) आठवड्याला पल्व्हरायझरचे ४८ तास आणि मजुरांचे १२० तास मिळतात. मजुरी ठरलेली आहे, काम कमी असो वा जास्त, ती द्यावीच लागते. म्हणून खालच्या नफ्यातून ती वजा केलेली नाही.

पोत्यातल्या सुट्ट्या पावडरीला क्विंटलमागे यंत्राचा १ तास आणि मजुरांचा १ तास लागतो, नफा ८०० रुपये. पाकिटातल्या पावडरीला यंत्राचा १ तास, पण मजुरांचे ४ तास लागतात, नफा १,४०० रुपये. लिनिअर प्रोग्रॅमिंगने गणित सोडवले की उत्तर येते: दोन्ही माल २४-२४ क्विंटल, एकूण नफा ५२,८०० रुपये.

आता मालकाला दोनदा दळलेली बारीक हळद डब्यातून विकायची आहे. क्विंटलमागे यंत्राचे २ तास, मजुरांचे ३ तास आणि नफा १,७०० रुपये. नफा सगळ्यांत जास्त, मग घ्यावी का?

यासाठी सगळे गणित पुन्हा मांडायची गरज नाही. यंत्र आणि मजूर दोन्ही पूर्ण वापरात आहेत, त्यामुळे नव्या मालासाठी लागणारा प्रत्येक तास जुन्या मालातून काढावा लागेल. त्या तासाची किंमत म्हणजे ‘शॅडो प्राइस’. पाकिटाला सुट्ट्या पावडरीपेक्षा मजुरांचे ३ तास जास्त लागतात आणि ६०० रुपये जास्त मिळतात. म्हणजे मजुराचा तास २०० रुपयांचा. सुट्ट्या पावडरीच्या ८०० रुपयांतून हे २०० वजा केले की यंत्राचा तास ६०० रुपयांचा ठरतो. एक्सेलच्या Solver मध्ये हेच आकडे Sensitivity Report मधल्या Shadow Price या रकान्यात दिसतात.

मग डब्यातल्या हळदीचा खरा खर्च २ × ६०० + ३ × २०० = १,८०० रुपये. मिळणार १,७००. क्विंटलमागे १०० रुपयांचा तोटा! पडताळा घ्या. ३ क्विंटल डबे भरले, तर सुटी पावडर १९ आणि पाकिटे २३ क्विंटलवर येतात आणि एकूण नफा ५२,५०० रुपये होतो, म्हणजे ३०० रुपये कमी.

भाव वाढून नफा १,९०० झाला, तर मात्र क्विंटलमागे १०० रुपये वाढतात. पण कितीही डबे भरून नाही. १४.४ क्विंटलला सुटी पावडर पूर्ण बंद पडते आणि जुन्या तास-किमती निकालात निघतात. तिथे एकूण नफा ५४,२४० रुपये असतो, पुढचा हिशोब नव्याने करावा लागतो.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे ठरलेली मजुरी नव्या मालाच्या नफ्यातून पुन्हा वजा करणे. मग तोच तास दोनदा मोजला जातो आणि चांगला मालही नाकारला जातो. उलट, यंत्राचे काही तास रिकामे राहत असतील तर त्यांची शॅडो प्राइस शून्य असते. मग डब्यांचे पारडे लगेच जड होऊ शकते.