तापलेला हीटर आणि मुका भोंगा: माद्रिद, २००८

१/ २० ऑगस्ट २००८. ग्रान कनारियाकडे निघालेले स्पॅनएअरचे एमडी-८२ विमान माद्रिदच्या धावपट्टीपाशी पोहोचून परत फिरले. बाहेरील हवेचे तापमान मोजणारी शलाका जमिनीवरच अतोनात तापली होती. सुमारे तासाभराने विमान पुन्हा निघाले आणि काही क्षणांत कोसळले. १७२ पैकी १५४ जण मृत्युमुखी पडले.

२/ बिघाड ठाऊक असूनही विमान सोडले कसे? याचे उत्तर ‘मिनिमम इक्विपमेंट लिस्ट’ या दस्तऐवजात आहे. कोणती वस्तू, कोणत्या अटीवर आणि किती दिवस बंद ठेवून उड्डाण करता येईल, हे त्यात आधीच ठरलेले असते. ऐनवेळी घाईत निर्णय घ्यावा लागू नये, हा त्यामागील हेतू.

३/ विमानप्रकाराची मूळ यादी नियामक संस्था मंजूर करते. कंपनीची यादी तिच्याहून कडक असू शकते, सैल कधीही नाही. दुरुस्तीची मुदतही वर्गानुसार ठरते: ‘बी’ वर्गास ३ दिवस, ‘सी’ वर्गास १०, ‘डी’ वर्गास १२०, ‘ए’ वर्गाची मुदत त्या त्या नोंदीतच असते.

४/ माद्रिदमध्ये तंत्रज्ञांनी यादी पाहिली. बर्फ साचण्याची शक्यता नसेल, तर या शलाकेचा हीटर बंद ठेवून उड्डाणास मुभा होती. ऑगस्टमधील कडक ऊन; बर्फाचा प्रश्नच नव्हता. सर्किट ब्रेकर ओढून हीटरचा वीजपुरवठा तोडला गेला. शलाका थंड झाली.

५/ परंतु यादीतील नोंद ‘न चालणाऱ्या’ हीटरसाठी होती. येथील हीटर चालत होता, मात्र भलत्या वेळी. तो केवळ हवेत सुरू व्हावयास हवा होता. विमान जमिनीवर आहे की हवेत, ही खबर त्याला एका रिलेमार्फत मिळे. फ्लॅप न उघडता उड्डाण करू पाहणाऱ्या वैमानिकास सावध करणारा भोंगाही त्याच रिलेवर अवलंबून होता आणि तो केवळ जमिनीवरच वाजे.

६/ दुसऱ्या खेपेस वैमानिकांकडून फ्लॅप उघडायचे राहिले. तपासणीच्या टप्प्यांतही ती चूक निसटली. भोंगा वाजला नाही. तो का वाजला नाही, हे स्पेनच्या तपास आयोगाला निर्विवादपणे सिद्ध करता आले नाही. रिलेतील बिघाडाची शक्यता मात्र त्याने नोंदवली.

७/ यादी सांगते, अमुक वस्तूवाचून उडता येईल का. ती वस्तू का बिघडली, हे ती सांगत नाही. ते निदान आधी व्हावे लागते. माद्रिदमध्ये लक्षण थंड झाले, पण त्याचे कारण कोणी शोधले नाही.